फॉर्म भरला गेला, चौकशी पोहोचलीच नाही

मोशीत मी पाण्याच्या टाक्या साफ करून देतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं. त्यामुळे बोऱ्हाडेवाडी असो की जाधववाडी, सोसायट्यांना जमिनीखालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या भरून ठेवाव्या लागतात. तळाला गाळ बसतोच, आणि उन्हाळा तोंडावर आला की आमचा हंगाम सुरू होतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका ओळखीच्या मुलाकडून एकपानी वेबसाइट करून घेतली. त्यात नाव, नंबर, दर आणि खाली चौकशीचा फॉर्म होता. शेजारी बसून आम्ही तो एकदा भरून पाहिला, मेल आला, मी पैसे दिले. मार्च आणि एप्रिल मिळून फॉर्मवरून तीन चौकश्या आल्या. लोकांना फॉर्म भरायचा कंटाळा असेल, असं मी धरून चाललो.

मे महिन्यात एका सोसायटीचे सेक्रेटरी रस्त्यात भेटले. म्हणाले, "दादा, दोनदा फॉर्म भरला. 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' असं आलंही. तुमचा फोन काही आला नाही, मग काम दुसऱ्याला देऊन टाकलं." त्या रात्री जीमेलचा स्पॅम उघडला. सतरा चौकश्या पडल्या होत्या, आणि त्या फक्त शेवटच्या महिन्याच्या. स्पॅममधलं पत्र जीमेल 30 दिवसांनी कायमचं पुसतं, त्यामुळे मार्चमधलं काहीच हाती लागलं नाही.

कारण नंतर कळलं. ग्राहक फॉर्ममध्ये जो ईमेल लिहायचा, तोच पत्ता पाठवणारा म्हणून लावून आमचा सर्व्हर मला पत्र धाडत होता. म्हणजे पत्रावर नाव ग्राहकाच्या जीमेलचं, पण ते निघालं भलत्याच सर्व्हरवरून. असं पत्र बनावट समजलं जातं. चाचणीच्या वेळी आम्ही आमच्याच वेबसाइटच्या नावाचा पत्ता टाकला होता, म्हणून ते एक सुखरूप आलं. पाठवणारा कायम आपल्या डोमेनचा पत्ता हवा आणि ग्राहकाचा पत्ता `Reply-To` मध्ये जायला हवा, हे करून देणाऱ्याला स्पष्ट सांगा. 'धन्यवाद' दिसलं याचा अर्थ बटण दाबलं गेलं, एवढाच.

आता मी मेलच्या भरवशावर राहत नाही. त्या जागी गूगल फॉर्म बसवला आहे. भरलेली प्रत्येक चौकशी आधी शीटमध्ये नोंदली जाते, मेल येतो तो फक्त वर्दी म्हणून. मेल चुकला तरी नोंद जागेवर असते. ही मेलची वर्दी आपोआप चालू नसते, `Responses` मध्ये जाऊन चालू करावी लागते.

फॉर्ममधल्या चौकटीही बदलल्या. आधी ईमेल सक्तीचा होता. आमच्याकडे टाकी साफ करून घेणाऱ्याला ईमेल कशाला विचारायचा? आता नाव, मोबाइल, सोसायटी किंवा गल्ली आणि टाकी किती लिटरची, एवढंच विचारतो. लिटर कळले की फोनवर तिथल्या तिथे दर सांगता येतो.

दराचीही अशीच चूक झाली होती. मी '500 रुपयांपासून' एवढंच लिहिलं होतं. तो दर गच्चीवरच्या 500 लिटरच्या प्लास्टिक टाकीचा. लोक तोच आकडा धरून जमिनीखालच्या सिमेंटच्या टाकीला बोलवायचे आणि दारात वाद व्हायचा. आता टाकीच्या मापाप्रमाणे दर वेगळे लिहिले आहेत. गाळ उपसणं त्यात धरलं आहे, उरलेलं पाणी पंपाने काढायचे पैसे वेगळे, हेही खाली लिहिलं आहे. शेजारी दर कोणत्या महिन्यापासूनचे ते टाकलं आहे, म्हणजे जुना स्क्रीनशॉट कुणी पुढे केला तर बोलायला आधार राहतो.

नंबर आधी एका चित्रात होता. मोबाइलवर त्यावर बोट ठेवलं तरी फोन लागत नसे. या दोन ओळींनी ते काम झालं. X च्या जागी आपला दहा आकडी नंबर घाला:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX">व्हॉट्सॲप करा</a>
```

पहिल्या ओळीत अधिकचं चिन्ह आहे, दुसरीत नाही. व्हॉट्सॲपच्या दुव्यात 91 च्या आधी अधिक किंवा शून्य घालू नका, मध्ये मोकळी जागाही सोडू नका.

दर सोमवारी सकाळी मी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फॉर्म भरतो आणि शीट उघडून नोंद आली का ते बघतो. दोन मिनिटांचं काम आहे. तुमचं पान आधीपासून चालू असेल तर आज रात्री स्पॅम नक्की उघडा, तीस दिवसांच्या आतल्या चौकश्या अजून तिथे सापडतील.