पालक बंद केला, तरी फेरिटिन का वाढतं?

प्रश्न : माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. त्याला थॅलेसेमिया मेजर असल्यामुळे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अंगात लोह साठू नये म्हणून मी पालक, मेथी, गूळ, खजूर, अंडी, मासे बंद केले. नाचणीतही लोह असतं असं वाचलं, तेव्हापासून भाकरीही थांबवली. त्याचं वजन २० किलो आहे. उंची गेल्या वर्षी ११५ सेंमी होती, आता ११७.५ आहे. फेरिटिन मात्र २,६०० आलं. रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन ७.८ होतं. आहारात काय चुकतंय?
– एक आई, भाईंदर (पूर्व)

उत्तर : ताई, आधी लोहाचा हिशेब मांडू. पॅक्ड सेल्सच्या, म्हणजे दाट केलेल्या तांबड्या पेशींच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. तीन आठवड्यांच्या २१ दिवसांवर ते पसरलं, तर तुमच्या मुलाच्या अंगात रोज दहाएक मिलिग्रॅम लोह थेट शिरेतून जातं. शरीराला ते बाहेर टाकण्याची स्वतःची सोय नाही. आता ताट बघा. या वयाच्या मुलाच्या दिवसभराच्या जेवणात जेमतेम १० मिलिग्रॅम लोह असतं आणि आपल्या डाळ-भात-भाजीतलं बरंचसं न शोषता निघून जातं. अंगी लागतं ते सहसा एखादा मिलिग्रॅम, थॅलेसेमियात थोडं जास्त. म्हणजे पालक आणि मेथी वर्षभर बंद ठेवली, तरी फेरिटिन फारसं हलणार नाही.

तुमच्या पत्रात माझी नजर अडकली ती ७.८ या आकड्यावर. रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ च्या दरम्यान राहावं, असं उपचाराचं उद्दिष्ट असतं. ते खाली गेलं की अस्थिमज्जा जादा काम करू लागते. आतड्याला लोहाची टंचाई असल्याचा चुकीचा निरोप जातो आणि अन्नातलं लोह दोन-तीन पटींनी जास्त ओढलं जाऊ लागतं. शिवाय रक्त कमी असलेलं मूल दमतं, कमी जेवतं आणि वाढही मंदावते. पुढच्या वेळी डॉक्टरांना आहाराच्या आधी हेच विचारा : रक्ताचं प्रमाण वाढवायचं की दोन वेळांमधलं अंतर कमी करायचं?

दुसरा प्रश्न लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचा. त्याचा डोस वजनावर ठरतो. तो शेवटचा कधी बदलला, कागदावर पाहून घ्या. डेफेरासिरॉक्सची पाण्यात विरघळणारी गोळी असेल, तर ती उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचं नाही. सकाळच्या शाळेच्या घाईत इथेच घोटाळा होतो. एक तर गोळी राहते, नाहीतर न्याहारी. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या. गोळी दुधात विरघळवू नका. पेल्याच्या तळाशी राहिलेला साका थोडं पाणी घालून पुन्हा प्यायला द्या, कारण औषधाचा बराच भाग तिथेच बसलेला असतो.

मग लोहाबाबत काय पाळायचं? यकृत म्हणजे कलेजी, लोहाची टॉनिकं आणि लोह घातलेले तयार सीरियल नकोत. डब्यावरची छापील माहिती वाचा. चिंच-कोकमाचं आंबट लोखंडी कढईत करू नका, स्टीलची वापरा. शाळेत ५ ते १० वयोगटातल्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी देतात. तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह असतं आणि ती तुमच्या मुलासाठी नाही. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी देऊन ठेवा. रेशनच्या तांदळातही लोह मिसळलेलं असू शकतं. किलोमागे ते २८ ते ४२.५ मिलिग्रॅम म्हणजे थोडंच, पण साधा तांदूळ परवडत असेल तर तो घ्या. बाकी पालेभाजी, अंडं, मासे परत ताटात येऊ द्या. वाढत्या मुलाला प्रथिनं आणि जस्त हवंच, आणि ताटातून सगळं काढून तुम्ही नेमकं तेच कमी केलंत. आणखी एक उपयोगी सवय म्हणजे जेवणासोबत दही किंवा दूध. त्यातल्या कॅल्शियममुळे अन्नातलं लोह थोडं कमी शोषलं जातं. लिंबू ताटात पिळण्यापेक्षा पेरू, संत्री जेवणांच्या मधल्या वेळी द्या. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

नाचणी बंद करणं तर तोट्याचंच. या मुलांची हाडं आधीच पातळ असतात, कारण आतली मज्जा फुगून हाड आतून पोखरते. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. २०० मिलीचे दोन पेले दूध दिलं तर ४८०च्या आसपास मिळेल. ४० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या एका भाकरीतून आणखी १४५. वाटीभर दही धरलं की गरज भागते. उत्तनहून आलेली मांदेली काट्यासकट कुरकुरीत तळलीत, तर तीही कॅल्शियम देते.

ड जीवनसत्त्वाचं मात्र घरी ठरवू नका. ६०,००० युनिटचं पाकीट दुकानात सहज मिळतं आणि शेजारचे सांगतातही. पण थॅलेसेमियात काही मुलांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, लोह काढणाऱ्या औषधानेही ते वाढू शकतं आणि वरून ड जीवनसत्त्वाचा भडिमार झाला तर मूतखडा होऊ शकतो. म्हणून सहा महिन्यांनी रक्तातली पातळी तपासायची, गरजेप्रमाणे लघवीतलं कॅल्शियमही, आणि डोस डॉक्टरांनी ठरवायचा.

आता उंची. वर्षात अडीच सेंटिमीटर वाढ या वयाला कमी आहे. साधारण पाच अपेक्षित असते आणि चारच्या खाली गेली की शोध घ्यायचा. दर तीन महिन्यांनी घरी मोजा, तेही सकाळी. अनवाणी उभं करा, टाचा, कुल्हे, पाठ भिंतीला टेकलेली आणि नजर सरळ हवी. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरा आणि तिथे खूण करा. दोनदा मोजा, फरक आला तर तिसऱ्यांदा. एका महिन्याच्या फरकावर काही ठरत नाही, सहा महिन्यांचा आकडा बोलतो. दवाखान्यात मात्र बसून मोजलेली उंचीही नोंदवायला सांगा. डेफेरॉक्सामाइनचं इंजेक्शन जास्त झालं, तर मणक्यांची वाढ खुंटून धड आखूड राहतं आणि ते फक्त उभ्या उंचीवरून कळत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत क्रम असा. आधी हिमोग्लोबिन वर आणा आणि पोटभर जेवू घाला, मग सहा महिने उंची पाहा. तरीही वाढ मंदच राहिली, तर थायरॉइड, जस्त, हाडाचं वय आणि वाढीचं संप्रेरक तपासायचं. वयाच्या १० वर्षांनंतर साखरेची तपासणी दरवर्षी, आणि वयात येण्याच्या खुणा दर सहा महिन्यांनी. मुलात १४ वर्षांपर्यंत काहीच दिसलं नाही तर उशीर झाला असं धरतात. तुम्हाला लोकलने जवळ पडेल ते बोरिवली पूर्वेचं मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया केंद्र. परळच्या वाडिया रुग्णालयात बालसंप्रेरक तज्ज्ञही आहेत. रक्ताच्या दिवशी मात्र डबा आणि दूध बरोबर न्या. त्या दिवशी ही मुलं दिवसभर बिस्किटांवर असतात.

बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं वळून आखडली, तर कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं. हे सहसा थोड्या मोठ्या मुलांत दिसतं. अशा वेळी कॅल्शियमची गोळी देऊन घरी थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि पॅराथायरॉइडची तपासणीही करून घ्या.