टेम्पोचं भाडं: जाणं भरलेलं, येणं रिकामं, मग दर कसा सांगायचा?

व्हिडिओत बोर्डवर जे गणित मांडलं, ते इथे नीट लिहून देतो. वही-पेन घेऊनच बसा, आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमच्या गाडीचे आकडे टाका.

चंद्रपूरचा एक पिकअपवाला धरू. व्यापारी विचारतो, "भाऊ, धानोऱ्याला बाराशे किलो किराणा टाकायचा आहे, किती घेणार?" मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली आणि पुढे धानोरा. सुमारे 120 किलोमीटर. आपल्याकडे बहुतेक जण लगेच बोलून मोकळे होतात, "किलोमीटरला पंचवीस, तीन हजार द्या." संध्याकाळी डिझेल आणि जेवण जाऊन खिशात आठशे उरतात, म्हणजे धंदा झाला असं वाटतं. पण चाकं 240 किलोमीटर फिरली आणि पैसे घेतले 120 चे.

खरा खर्च मांडू. आधी डिझेल. भरलेली गाडी लिटरला 10 आणि रिकामी 12 देते असं धरा. हा आकडा कंपनीच्या कागदावरून घेऊ नका. टाकी फुल करा, एक फेरी मारा, परत फुल करा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. जाताना 12 लिटर, येताना 10 लिटर. 95 रुपये भाव धरला तर 22 लिटरचे 2,090 रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, पाटे यांचा खर्च रोज दिसत नाही, पण किलोमीटरला अडीच रुपये धरले तर 240 किलोमीटरचे 600 होतात. चहा-जेवण 110.

आता जो खर्च गाडी उभी असली तरी चालूच असतो तो. हप्ता 14 हजार, विमा-टॅक्स-फिटनेसचे महिन्याला पडणारे 4 हजार, आणि ड्रायव्हरचे 15 हजार. स्वतः गाडी चालवत असाल तरी हे 15 हजार धरायचेच, नाहीतर तुम्ही स्वतःच्याच गाडीवर फुकट राबताय. झाले 33 हजार. महिन्यात गाडी खरोखर 22 दिवस कामावर जात असेल, तर दिवसाचे 1,500. तीसनं भागू नका, रिकाम्या दिवसांचे पैसे कामाच्या दिवसांनीच कमवायचे असतात.

एकूण 4,300. त्यावर 15 टक्के नफा ठेवला की 4,945, म्हणजे भाडं 4,950. हमाली वेगळी, आणि ती कोण देणार हे आधीच बोलून घ्यायचं.

आता वजन. व्यापारी म्हणतो, "या वेळी सहाशेच किलो आहे, अर्धे घ्या." मी स्वतः दुकानदार आहे, मीही हे बोलून पाहतो! पण अर्ध्या मालानं काय वाचतं? जातानाचं ॲव्हरेज 10 वरून 11 झालं तर साधारण एक लिटर, म्हणजे शंभर रुपये. बाकी हप्ता, टायर, दिवस, परतीचा रस्ता सगळं तेवढंच. म्हणून माल कमी असला तरी फेरीचा दर फेरीचाच. एका फेरीत तीन-चार दुकानांचा माल असेल तेव्हाच किलोवर या: 4,950 भागिले 1,200, म्हणजे किलोला सव्वाचारच्या आत. गादी, प्लास्टिकच्या खुर्च्या असा फुगीर माल असेल तर किलो विसरा. डाल्याची किती जागा अडली, त्यावर वाटा घ्या.

उलट्या बाजूनं, आरसी बुकात लिहिलेल्या वजनाच्या वर माल घालून दर कमी करणं हा उपाय नाही. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार दंड आहे. एका चलानात चार फेऱ्यांचं अख्खं भाडं जातं.

आता परतीचा माल, आणि सगळा घोळ इथेच होतो. परतीचा माल बहुतेक वेळा जिथे माल उतरवला तिथे मिळत नाही. धानोऱ्याहून रिकामं निघून तुम्हाला मूलच्या राईस मिलमधून चंद्रपूरचा तांदूळ मिळतो, म्हणजे शेवटचे 45 किलोमीटर. 75 किलोमीटर तर रिकामेच आले. त्या तांदळाचे 1,000 मिळाले असं धरा. गाडी तशीही येणारच होती, त्यामुळे वाढीव खर्च फक्त भरलेल्या गाडीचं जास्तीचं डिझेल आणि मिलपर्यंतचा थोडा फेरा, मिळून दोनशे. हातात आठशे. म्हणून परतीचा माल स्वस्तात घेतला तर चालतं, पण गाडी त्याच दिवशी घरी पोचत असेल तरच. मिलवाला म्हणाला "उद्या सकाळी भरू" आणि तुम्ही थांबलात, तर 1,500 चा एक दिवस गेला. आठशेसाठी पंधराशे.

मग हे आठशे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी करायचे का? मागच्या दहा फेऱ्या वहीत पहा. चारदा परतीचा माल मिळाला असेल तर सरासरी 320 रुपये फेरीला पडतात. घासाघीस झालीच तर तेवढ्याच आतलं सोडा, म्हणजे 4,950 वरून फार तर 4,650. धानाच्या हंगामात, नोव्हेंबर ते जानेवारी, दहातले सहा-सातही होऊ शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये शून्य धरा. पावसात भामरागडकडे तर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की गाडी पलीकडेच अडकते. तिकडचं भाडं किलोमीटरवर नाही, दिवसांवर सांगायचं: एक मुक्काम वाढला की 1,500 वाढले.

बांबू किंवा तेंदूपानांची परत मिळत असेल तर आधी वाहतूक परवाना हातात घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2011 साली बांबूचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, त्यामुळे परवाना प्रत्येक वेळी वनखात्याचाच असेल असं नाही. पण परवान्यावर तुमच्याच गाडीचा नंबर, आजची तारीख आणि मालाचं प्रमाण जुळायला हवं. विनापरवाना माल नाक्यावर सापडला तर मालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते, आणि उभ्या गाडीचा हप्ता मात्र सुरूच राहतो.

फोनवर तोंडी दर सांगू नका. व्हॉट्सॲपवर असा लिहा: "चंद्रपूर ते धानोरा, 1,200 किलोपर्यंत, फेरीचे 4,950. हमाली तुमची. उतरवायला दोन तासांपेक्षा जास्त लागले तर तासाला 200. परतीचा माल तुम्ही दिलात तर त्याचं भाडं वेगळं ठरवू, ते कमी राहील." यातली शेवटची ओळ मी माल पाठवणारा म्हणून सांगतो, दुकानदार ती नक्की वाचतो आणि धानोऱ्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला एक फोन लावून पाहतो.