हर्निया आहे, हलकं काम कसं मागू?

प्रश्न : मी फाउंड्रीत कामाला आहे. उजव्या जांघेत हर्निया निघालाय, ऑपरेशन दीड महिन्यानं आहे. सुपरवायझरना अर्ज कसा लिहू?

उत्तर : ‘जड काम जमत नाही’ एवढंच लिहाल, तर साहेब तो कामचुकारपणा समजतील. काय जमत नाही आणि काय जमतं, दोन्ही लिहा. उदाहरणार्थ :

‘मा. सुपरवायझर साहेब, मला उजव्या जांघेत हर्निया आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन होईपर्यंत दहा किलोपेक्षा जास्त वजन उचलण्यास व ट्रॉली ढकलण्यास मनाई केली आहे. दाखला जोडला आहे. तोपर्यंत मला तपासणीच्या टेबलावर किंवा स्टोअरच्या नोंदींचे काम द्यावे, ही विनंती.’

किलोचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून दाखल्यावर लिहून घ्या. ‘विश्रांती घ्यावी’ असा मोघम शेरा उपयोगाचा नाही. वजन उचलताना आपण श्वास रोखतो, पोटातला दाब वाढतो आणि आतडं फटीतून पुढे सरकतं. ट्रॉली ढकलतानाही तेच होतं, म्हणून तिचा उल्लेख हवाच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ला काही अर्थ नाही.

हलकं काम मिळालं तरी हर्निया बरा होत नाही, म्हणून ऑपरेशन लांबवू नका. ईएसआयचे सभासद असाल, तर ऑपरेशननंतरच्या रजेत अटींनुसार सरासरी मजुरीच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. त्यासाठी दाखला ईएसआयच्याच डॉक्टरांचा लागतो.

मात्र फुगवटा आडवं पडूनही आत जाईना, दुखायला लागला, उलट्या झाल्या, तर शिफ्ट संपायची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.