तीन चित्रे, एक भिंत

प्रश्न : आमची भिंत फिकट क्रीम रंगाची, सोफा सागवानी, सहा फुटी. त्यावर वारली चित्र, राजा रविवर्म्यांची छापील लक्ष्मी आणि आजी-आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो लावला आहे. फ्रेम अनुक्रमे काळी, सोनेरी, चंदेरी. भिंत विस्कळीत दिसते. काय करावे?

उत्तर : चित्रे बदलू नका, फ्रेम बदला. तीन वेगळ्या विषयांना तीन वेगळ्या फ्रेम असल्या की नजर कुठेच ठरत नाही. तिन्हींना सागवानी छटेची, सारख्या जाडीची पट्टी लावा. ती सोफ्याशी जुळेल आणि वारलीच्या गेरूशीही. आतला माउंट शुभ्र नको, कारण त्याच्याशेजारी क्रीम भिंत आणि पिवळसर झालेला फोटो मळकट वाटतात. हस्तिदंती माउंट घ्या, फोटोसाठी आम्लरहित. लक्ष्मीचा सोनेरीपणा हवाच असेल, तर फ्रेमच्या आतल्या कडेला बारीक सोनेरी रेघ पुरे.

मांडणीची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ४८ इंच ठेवा. प्रत्येक फ्रेम बाहेरून १४ इंच रुंद आणि मध्ये तीन-तीन इंच अंतर ठेवले की हिशेब जुळतो. सर्वांत गडद, रंगीत लक्ष्मी मधोमध, फिकट फोटो आणि वारली दोन बाजूंना. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमची खालची कड सहा ते आठ इंच वर असावी. त्याहून उंच गेल्यास चित्रे तरंगल्यासारखी दिसतात.

खिळे ठोकण्यापूर्वी त्याच मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून दिवसा आणि दिव्याच्या उजेडात पाहा.