परत आलेला धनादेश आणि परत मागायचे शुल्क

आपण बँकेत भरलेला धनादेश एकदा परत येतो, दोन दिवसांनी तोच वटतो, आणि खात्यातून मात्र 'चेक रिटर्न चार्ज' वजा झालेला असतो. पैसे शेवटी मिळाले, तर शुल्क कशाचे, असा प्रश्न खातेदाराला साहजिकच पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

समजा, आळंद तालुक्यातील एका शेतकऱ्याने कलबुर्गीच्या बाजारात तूर विकली आणि आडत्याने त्याला 48,600 रुपयांचा धनादेश दिला. शेतकऱ्याच्या खात्यात आधी 2,350 रुपये होते. सोमवारी धनादेश जमा होऊन शिल्लक 50,950 झाली. मंगळवारी तो परत आला, रक्कम उलट नावे पडली, आणि वर 100 रुपये शुल्क व त्यावर 18 टक्के जी. एस. टी. असे 118 रुपये गेले. शिल्लक राहिली 2,232. बुधवारी बँकेने तोच धनादेश पुन्हा पाठविला व तो वटला. आता पासबुकात 50,832 दिसतात. फरक 118 रुपयांचा आहे.

येथे बहुतेक खातेदार एकच मुद्दा मांडतात, की धनादेश नंतर वटला. हा मुद्दा एकटा पुरेसा नाही. सोमवारी आडत्याच्या खात्यात पैसे नसतील आणि बुधवारी त्याने भरले असतील, तरीही धनादेश नंतर वटतोच. म्हणून तो नंतर वटला की नाही यापेक्षा पहिल्यांदा का परतला हे महत्त्वाचे ठरते. ते कारण परतीच्या मेमोवर लिहिलेले असते.

रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये याविषयी बँकांना सूचना दिल्या आहेत. त्यांचा आशय असा, की धनादेश परत येण्यास ग्राहक स्वतः जबाबदार असेल तरच शुल्क घ्यावे. ग्राहकाचा दोष नसलेल्या कारणांची एक यादीही दिलेली आहे. 'इमेज नॉट क्लिअर, प्रेझेंट अगेन विथ पेपर' हे त्यांपैकी एक. आज कागदी धनादेश बँकेकडून बँकेकडे जात नाही, त्याची प्रतिमा जाते. ती अस्पष्ट निघाली तर दोष ती काढणाऱ्याचा, शेतकऱ्याचा नव्हे. असा धनादेश पुढच्याच क्लिअरिंगमध्ये, सुट्ट्या वगळून 24 तासांच्या आत, बँकेने आपण होऊन पुन्हा पाठवावा व ग्राहकाला तसे कळवावे, असेही त्या सूचनांत आहे.

अडचण अशी, की बँकेनेच धनादेश पुन्हा पाठविल्यामुळे मेमो बहुधा खातेदाराच्या हाती येतच नाही. म्हणून पहिले काम म्हणजे शाखेत जाऊन मेमोची प्रत मागणे. मग शाखाधिकाऱ्यांना असा अर्ज द्यावा:

'मी अमुक तारखेस भरलेला 48,600 रुपयांचा धनादेश क्रमांक अमुक, "इमेज नॉट क्लिअर" या कारणाने परत आला व अमुक तारखेस वटला. या कारणात माझा दोष नाही. तरी वजा केलेले शुल्क 100 रुपये व त्यावरील कर 18 रुपये, एकूण 118 रुपये, माझ्या खात्यात परत जमा करावेत. मेमोची प्रत व खातेउतारा सोबत जोडला आहे.'

कराचा उल्लेख मुद्दाम करावा. नाहीतर 100 रुपयेच परत येतात आणि 18 राहून जातात. अर्ज कन्नडमध्ये लिहिला तरी हरकत नाही. आपल्या भागात खाते, शुल्क, अर्ज हे शब्द दोन्ही भाषांत फारसे वेगळे नाहीतच. मात्र मेमोवरचे कारण भाषांतर न करता जसेच्या तसे उतरावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी, कारण पुढची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. 2019 पासून ही तक्रार cms.rbi.org.in येथे नोंदविण्याची सोय आहे.

आता मागणीची मर्यादा पाहू. मेमोवर 'फंड्स इन्सफिशंट' असेल, तर हे कारण त्या यादीत नाही. धनादेश भरणाऱ्याचा दोष येथेही नसतो, असा युक्तिवाद करता येईल. पण बँक आपल्या दरपत्रकाकडे बोट दाखवील. अशा वेळी बँकेला विनंतीच करता येते, आणि ते 118 रुपये धनादेश देणाऱ्या आडत्याकडून मागणे अधिक रास्त ठरते. याउलट, तीन महिन्यांची मुदत उलटलेला किंवा पुढची तारीख असलेला धनादेश आपणच भरला असेल, तर शुल्क परत मागण्यास आधार राहत नाही.

तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी मेमो वाचावा. 118 रुपये बँकेकडे मागायचे, आडत्याकडे मागायचे, की आपल्याच खर्चात लिहायचे, हे त्या एका ओळीवरून ठरते.