फोनवरून बसवलेलं बिलिंग

दुकानात बिलिंगचा प्रोग्राम बसवायचा आणि सांगायला परदेशातला भाऊ फोनवर, असं आता घरोघर चालतं. मिरजेत आमचं किराणा दुकान आहे. आतेभाऊ न्यू जर्सीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, त्यामुळे बाबांनी दुकानदाराच्या पोराला, म्हणजे मला, सरळ सांगितलं, "पैसे देऊन माणूस कशाला बोलवायचा? दादाला फोन लाव."

प्रोग्राम कंप्युटरवर चढवणं हे यातलं सगळ्यांत सोपं काम. `Next`, `Next`, `Finish` एवढंच. अडचण नंतर येते, कारण मग प्रोग्राम जे प्रश्न विचारतो ते कंप्युटरचे नसतात, दुकानाचे असतात. दादाला कंप्युटर पाठ होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर दुकान होतं ते तिकडचं.

आमचं बोलणं रात्री दुकान वाढवल्यावर चालायचं, तेव्हा त्याच्याकडे दुपार असायची. मी पडद्यावरचं वाचून दाखवायचो आणि तो सांगेल ते दाबायचो. अशात विक्रीच्या किमतीचा प्रश्न आला.

"दादा, `Tax Inclusive` की `Tax Exclusive` विचारतंय."

"एक्सक्लुझिव्ह कर. किंमत वेगळी, टॅक्स वेगळा. बिल कसं स्वच्छ दिसतं."

त्याच्या जागी तो बरोबरच होता. अमेरिकेत फळीवर लिहिलेली किंमत सहसा कराशिवायची असते, कर गल्ल्यावर चढतो. आपल्याकडे पाकिटावर छापलेली एमआरपी 'सर्व करांसहित' असते, कर तिच्या पोटातच असतो. हा फरक त्याच्या लक्षात राहिला नाही आणि मी तर विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या काकूंनी पन्नास रुपयांची टूथपेस्ट नेली. दारापर्यंत गेल्या आणि बिल हातात धरून परत आल्या. "अरे, खोक्यावर पन्नास आहे, मग बिलात साडेबावन्न कसे?" टूथपेस्टवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. प्रोग्रामने पन्नासवर अडीच रुपये चढवले होते. बाबांनी तिथल्या तिथे अडीच रुपये परत दिले आणि पुढची बिलं पुन्हा हातानं सुरू केली. छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेणं हा वैधमापनाच्या नियमांत गुन्हा आहे, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला 'प्रोग्राम चुकला' हे उत्तर चालत नाही.

बरोबर हिशेब उलट्या दिशेनं करायचा असतो. पन्नासला १०५ नं भागायचं आणि १०० नं गुणायचं, की मूळ किंमत ४७ रुपये ६२ पैसे निघते. उरलेले २ रुपये ३८ पैसे म्हणजे कर, त्यातले १ रुपया १९ पैसे केंद्राचे आणि तेवढेच राज्याचे. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे पन्नासच. `Tax Inclusive` निवडलं की प्रोग्राम हे स्वतः करतो.

आता कोणी म्हणेल, मग सगळीकडे `Inclusive` करून टाकू. तसंही करू नका. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलात भाव कराशिवायचा असतो आणि कर खाली वेगळा लावलेला असतो. समजा, तीच टूथपेस्ट त्यानं ४२ रुपयांनी लावली. वर ५ टक्के, म्हणजे २ रुपये १० पैसे कर, आणि आपण देणं लागतो ४४ रुपये १० पैसे. खरेदीलाही 'करासहित' केलंत तर प्रोग्राम ४२ मधूनच कर काढतो. मालाची किंमत ४० धरतो, कर २ रुपये धरतो, नफा नगामागे दोन रुपयांनी फुगवून दाखवतो आणि कराची वजावटही दहा पैशांनी कमी मिळते. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून कोणी ओरडत नाही. ओळखायची खूण एकच: भरलेल्या खरेदीची एकूण रक्कम व्यापाऱ्याच्या कागदी बिलाशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. बहुतेक प्रोग्राममध्ये विक्री आणि खरेदीची ही सेटिंगं वेगवेगळी असतात. नसतील तर तो प्रोग्राम किराणा दुकानाच्या कामाचा नाही.

दुसरा घोळ तारखांचा, आणि तो लॅपटॉपनं केला. दादानं मागच्या खेपेला आपला जुना लॅपटॉप आणून दिला होता. त्याचं विंडोज अमेरिकी पद्धतीवर होतं, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. ५ एप्रिलचं खरेदीचं बिल मी ०५-०४ असं भरलं, त्यानं ते ४ मे म्हणून घेतलं आणि अवाक्षर काढलं नाही. हा घोळ लपतो तो असा. बारा तारखेपर्यंत सगळं सुरळीत चालतं (०४-०४ तर चुकतच नाही). तेरा तारीख भरायला गेलं की `Invalid date` येतं, कारण तेरावा महिना नसतो. तोवर दहाबारा दिवसांची बिलं भलत्याच महिन्यांत जाऊन बसलेली असतात, आणि जीएसटीचं विवरण तर महिन्यांवरच चालतं.

म्हणून प्रोग्राम चढवण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये `Region` उघडा, `English (India)` निवडा आणि लहान तारखेचा नमुना `dd-MM-yyyy` आहे ना, ते बघा. नंतर बदललं तर पुढच्या नोंदी नीट होतात. आधीच्या मात्र आपोआप सुधारत नाहीत, कारण प्रोग्रामच्या लेखी तो ४ मेच असतो. त्या एकेक उघडून दुरुस्त कराव्या लागतात. बाबा कागदी बिलं वाचून दाखवत आणि मी तारखा बदलत बसलो होतो, ते काम वैऱ्यावरही येऊ नये.

हे सगळं पहिल्या गिऱ्हाइकाआधी कळू शकतं. प्रोग्राममध्ये आधी एक खोटं दुकान उघडा, नाव 'चाचणी' ठेवा. खऱ्या दुकानात करून पाहू नका, कारण बिलांचे क्रमांक ओळीनं लागले पाहिजेत आणि खोट्या बिलांनी त्या ओळीत भोकं पडतात. चाचणीत तीनच वस्तू भरा: सुटी तूरडाळ, जिच्यावर कर नाही, टूथपेस्ट, ५ टक्केवाली, आणि धुण्याची पावडर, १८ टक्केवाली. डाळ एक किलो १३० रुपये, टूथपेस्ट ५०, पावडर ५९ धरली तर बिल २३९ रुपयांचं आलं पाहिजे. पावडरीपुढे मूळ किंमत ५० आणि कर ९ दिसला पाहिजे. कराचे दोन सारखे भाग पडले पाहिजेत. त्याऐवजी `IGST` नावाचा एकच आकडा दिसला, तर दुकानाचं राज्य भरायचं राहिलंय किंवा चुकलंय. महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक २७ नं सुरू होतो, ते दोन आकडे ताडून पाहा. मग एक खरेदीचं बिल महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखेनं भरा आणि यादीत महिना कुठला छापून येतो ते पाहा.

आणि भावाला फोन लावायच्या आधी दोन कागद जवळ घ्या: जीएसटीचं प्रमाणपत्र आणि एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचं ताजं बिल. पडद्यावर कराचा प्रश्न आला की फोन ठेवून सीएंना विचारा. तुमची नोंदणी कंपोझिशनखाली असेल तर बिलावर कर वेगळा दाखवताच येत नाही, आणि ही गोष्ट न्यू जर्सीतल्या माणसाला माहीत असण्याचं काही कारण नाही. प्रिंटर कागद ओढत नसेल, प्रोग्राम उघडत नसेल, पासवर्ड विसरला असेल, तर भावाला खुशाल झोपेतून उठवा.