बचतीचा आकडा पत्रात लिहिण्याआधी

कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातल्या फाउंड्रीला एअर कॉम्प्रेसरसाठी व्हीएफडी विकणारा पत्रात हमखास लिहितो, ‘वीजबिलात २० टक्के बचत’. मेंटेनन्सवाला ते वाचतो आणि पत्र बाजूला ठेवतो, कारण फाउंड्रीची बहुतेक वीज भट्टी खाते हे त्याला ठाऊक असते. बचत खरी असली तरी वाक्य खोटे ठरते. ते खरे कसे करायचे, हे एका हिशेबातून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

१. आधीचे मोजमाप व्हीएफडी बसवण्यापूर्वीच घ्या. कॉम्प्रेसरच्या केबलवर पॉवर लॉगर लावून किमान चार आठवडे युनिट नोंदवा आणि प्रत्येक आठवड्याचे ओतकाम टनांत लिहा. सुट्टीचा दिवस वगळू नका. सगळी यंत्रे बंद असतानाही कॉम्प्रेसर लोड घेत असेल, तर ती हवा गळतीतून जाते आहे. व्हीएफडी बसवताना कोणी ही गळतीही बुजवली, तर ती बचत व्हीएफडीच्या नावावर घालता येत नाही. म्हणून गळती आधी बुजवा आणि मगच मोजायला सुरुवात करा. नळीतला दाबही लिहून ठेवा. व्हीएफडी बसवताना दाब कमी केला असेल, तर काही बचत त्या दाबाचीच असते आणि ती ड्राइव्हशिवायही मिळाली असती.

२. नंतरचे मोजमाप उत्पादनाशी जुळवा. फसगत होते ती बहुधा इथेच, म्हणून इथे घाई नको. समजा, आधीच्या चार आठवड्यांत २०० टन ओतकाम आणि १२,००० युनिट झाले. नंतरच्या चार आठवड्यांत १८० टन आणि ९,६०० युनिट. सरळ वजाबाकीने २० टक्के घट दिसते, पण काम कमी झाल्यानेही वीज घटली आहे. दर टनाला युनिट काढून तुलना करणेही पुरेसे नाही. उरलेली गळती आणि अनलोडवर फिरणारी मोटर टनावर अवलंबून नसतात, त्यामुळे कमी टनाच्या महिन्यात दर टनाचा वापर आपोआप वाढतो. त्याऐवजी आधीच्या आठवड्यांचे युनिट आणि टन आलेखावर मांडून रेषा काढा. चारच बिंदूंवरची रेषा डळमळीत असते, जमल्यास आठ-दहा आठवडे घ्या. समजा रेषा सांगते की महिन्याला ३,००० युनिट ठरलेलेच आणि वर दर टनाला ४५. मग १८० टनांना जुन्या पद्धतीने ११,१०० युनिट लागले असते. बचत १,५०० युनिटची, म्हणजे साडेतेरा टक्के. बिंदू रेषेपासून दूर विखुरलेले असतील, तर टनाशिवाय आणखी काहीतरी वापर ठरवत आहे. ते सापडेपर्यंत आकडा पाठवू नका.

३. टक्के कशाचे, ते त्याच वाक्यात सांगा. त्या महिन्यात अख्ख्या कारखान्याने १,८०,००० युनिट वापरले असतील, तर १,५०० युनिट म्हणजे एक टक्काही नाही. म्हणून ‘वीजबिलात’ हा शब्द काढून ‘कॉम्प्रेसरच्या विजेत’ लिहा. रुपये काढताना एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला दर वापरू नका. त्यात डिमांड चार्जही मिसळलेला असतो आणि तो युनिट घटले म्हणून घटत नाही. फक्त युनिटनुसार बदलणारा भाग घ्या. तो ९ रुपये धरला, तर महिन्याला १३,५०० रुपये होतात.

४. सगळी ठिकाणे दाखवा. सहा ठिकाणी बसवून सर्वांत चांगल्या ठिकाणाचा आकडा ‘२० टक्क्यांपर्यंत’ असा छापणे माझ्या मते फसवणूकच आहे. सहाही ठिकाणांचा पल्ला द्या आणि बचत कुठे होणार नाही तेही लिहा. जिथे कॉम्प्रेसर जवळपास सतत पूर्ण लोडवर चालतो, तिथे व्हीएफडी वीज वाचवत नाही. उलट ड्राइव्हचा स्वतःचा थोडा तोटा वाढतो. लोड-अनलोडचे तास कंट्रोलरवर दिसतात. ते आधी मागवा आणि अशा ग्राहकाला पत्रच पाठवू नका.

५. अट वाक्यातच ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलाशाने मूळ दाव्याला छेद देता कामा नये. या सूचना ग्राहकांसाठी आहेत आणि कारखान्याला विकताना त्या थेट लागू होतीलच असे नाही. तरी मोजपट्टी तीच धरा. तळाशी बारीक अक्षरांत ‘परिस्थितीनुसार बदल संभवतो’ असे लिहून मोठ्या अक्षरांतला आकडा वाचत नाही.

मग एकाच ठिकाणी बसवले असेल, तर पत्रातले वाक्य असे होते: ‘दोन पाळ्यांच्या फाउंड्रीत, लोड-अनलोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर व्हीएफडी बसवल्यावर चार आठवड्यांत कॉम्प्रेसरच्या विजेत साडेतेरा टक्के बचत मोजली. दाब तोच ठेवला होता आणि उत्पादनातला फरक हिशेबात धरला आहे. नोंदी मागितल्यास पाठवू.’

६. त्या नोंदी खरोखर तयार ठेवा. लॉगरची कच्ची फाइल, त्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, टनांच्या नोंदी, आलेख आणि कारखान्याची लेखी परवानगी एका फोल्डरमध्ये तारखेसह असू द्या. ड्राइव्हचे मॉडेल बदलले की जुना आकडा पत्रातून काढा आणि नव्याने मोजा.